बिटकॉइनचा तीन वर्षांचा कप आणि त्याचा लांबलेला कान

भाव गोलाकार पडून पुन्हा जुन्या उच्चांकाला, म्हणजे काठाला येतो तो कप; त्यानंतरची छोटी घसरण हा त्याचा कान, म्हणजे हँडल. या कप अँड हँडलची ठरलेली मापं आली अमेरिकन शेअर्सच्या चार्टवरून. ती पुस्तकरूपाने १९८८मध्ये मांडली गेली. कपाला सात ते पासष्ट आठवडे, खोली साधारण एक तृतीयांशापर्यंत आणि हँडलला एक-दोन आठवडे पुरेसे. बिटकॉइनच्या वीकली चार्टवर हीच मापं लावली गेली, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

नोव्हेंबर २०२१मध्ये भाव ६९,००० डॉलरला टेकला. वर्षभराने तो १५,५०० च्या आसपास होता, म्हणजे घसरण ७७ टक्क्यांची. मूळ नियमाने हा कप बादच ठरतो. तरीही तळ गोल झाला आणि मार्च २०२४मध्ये भाव काठ ओलांडून ७३,८०० च्या जवळ गेला. एवढ्याला १२२ आठवडे लागले.

पुढच्या महिन्यांत ‘हँडल झालं, आता सुटेल’ हे वाक्य किती वेळा ऐकलं! एप्रिलमध्ये, जुलैमध्ये, पुन्हा ऑगस्टमध्ये. ५ ऑगस्टला भाव ४९,००० पर्यंत खाली आला, तेव्हा बऱ्याच जणांनी कपच खोडून टाकला. माझ्या मते ती घाई होती, कारण कपाचा मध्य ४२,००० च्या थोडा वर येतो आणि हँडल त्याच्या खाली गेलंच नव्हतं. ब्रेकआउट, म्हणजे भाव काठाच्या वर सुटणं, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. हँडल ३४ आठवडे चाललं; काठापासून ब्रेकआउटपर्यंत बरोबर तीन वर्षं झाली. १२२ आठवड्यांच्या कपाला दोन आठवड्यांचा कान शोभतच नाही, एवढं आधी मान्य केलं असतं तर बरेच सौदे वाचले असते.

खरा वाद मात्र टार्गेटचा. कपाची खोली काठावर चढवायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. पण खोली मोजायची डॉलरमध्ये की टक्क्यांत? डॉलरमध्ये ती ५३,५००. ६९,००० वर चढवली की १,२२,५०० येतात. टक्क्यांत, म्हणजे लॉग स्केलवर, मोजली तर भाव तळापासून काठापर्यंत जवळजवळ साडेचारपट झाला, म्हणून टार्गेट तीन लाखांच्या पुढे. त्यात उजवा काठ ७३,८०० धरला तर डॉलरचंच टार्गेट १,३२,००० च्या घरात जातं. चित्र एकच आणि आकडे तीन. लोकांत पसरला तो बहुधा सगळ्यात मोठा.

पहिला आकडा गाठायलाही ब्रेकआउटनंतर ३६ आठवडे लागले, जुलै २०२५ उजाडला. मधे एप्रिलमध्ये भाव ७४,५०० पर्यंत, म्हणजे थेट काठापाशी परतला होता. ब्रेकआउटच्या आठवड्याची कँडल आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला बंद होते. ती बघून ८०,००० च्या आसपास घेणारा पाच महिन्यांनी तोट्यात होता, आणि तरी रचना मोडलेली नव्हती. ऑक्टोबर २०२५मध्ये भाव १,२६,००० पर्यंत जाऊन फिरला. १,३२,००० त्या चढावात आलेच नाहीत.