व्हायरस म्हणजे काय आणि बॅक्टेरियापेक्षा तो आजार वेगळा कसा करतो

व्हायरस म्हणजे विषाणू आणि बॅक्टेरिया म्हणजे जिवाणू, आणि बोलताना आपण दोघांनाही सरसकट जंतू म्हणून मोकळे होतो. फरक विचारला की बहुतेक जण सांगतात, व्हायरस बारीक असतो. ते खरंय, पण मुद्दा तो नाही. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, याचा जिवाणू इतका सडपातळ असतो की इतर बॅक्टेरिया अडवणाऱ्या बारीक फिल्टरमधूनही तो वळवळत पार होतो, तरी तो बॅक्टेरियाच. खरा फरक आहे तो प्रोटीन कोण बनवतं यात.

बॅक्टेरिया ही एक अख्खी पेशी असते. तिच्याकडे स्वतःचं डीएनए असतं आणि प्रोटीन बनवणारी मशीन म्हणजे रायबोसोमही स्वतःचेच, त्यामुळे खायला मिळालं की ती आपली आपण वाढते, एकीच्या दोन, दोनाच्या चार. व्हायरसकडे रायबोसोम नसतातच. डेंग्यूचा व्हायरस घ्या, साधारण ५० नॅनोमीटरचा गोळा, आत आरएनएची एक पट्टी आणि त्यात जेमतेम १० प्रोटीनची माहिती, बस. पेशीच्या बाहेर तो काहीच करत नाही, खात नाही, वाढत नाही. पेशीत शिरला की ती पट्टी आपल्याच रायबोसोमवर चढते आणि आपली पेशी बिचारी मुकाट्याने व्हायरसचे पार्ट बनवत बसते.

आता मुंबईतला पावसाळा डोळ्यासमोर आणा कारण तिथे हे दोघं एकाच वेळी हजर असतात. समजा एक माणूस गुडघाभर पाण्यातून चालत घरी आला, टाचेला भेगा आहेत, आणि आठवड्याभराने त्याला सणकून ताप भरला, डोकं फुटतंय, अंग मोडून आलंय. पाण्यात उंदरांची लघवी मिसळलेली असेल तर भेगांमधून लेप्टो शिरलेला असू शकतो (२६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याचीच साथ आली होती), आणि त्याच आठवड्यात घरात डास चावला असेल तर डेंग्यूही असू शकतो. पहिले दोन-तीन दिवस नुसतं बघून भलेभले डॉक्टरही खात्रीने सांगू शकत नाहीत. पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतायत आणि डोळे लाल झालेत तर लेप्टोची शंका जास्त. पांढऱ्या पेशी वाढल्या असतील तर लेप्टोकडे आणि कमी झाल्या असतील तर डेंग्यूकडे कल जातो. प्लेटलेट मात्र दोन्हीत उतरतात, त्यामुळे "प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच" हे जे घरोघरी ठरवून टाकतात ते चूक आहे. डेंग्यूची एनएस१ टेस्ट पहिल्या चार-पाच दिवसांत चांगली चालते कारण तेव्हा व्हायरसचं एनएस१ नावाचं प्रोटीन रक्तात तरंगत असतं, पण निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाहीच असं नाही.

आजार करायची पद्धतही वेगळी. लेप्टो रक्तातून फिरत लिव्हर आणि किडनीत जाऊन बसतो, तिथे वाढतो, म्हणून कावीळ होते, लघवी कमी होते. डेंग्यूत व्हायरस आपल्या संरक्षण करणाऱ्या पेशींमध्येच शिरतो आणि त्यांच्या भडक्यामुळे, शिवाय त्या एनएस१मुळे, बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, म्हणजे बरंचसं नुकसान आपल्याच शरीराच्या गडबडीतून होतं.

आणि आता औषधाचं कोडं सुटतं. लेप्टोवर देतात ती डॉक्सीसायक्लिन बॅक्टेरियाच्या रायबोसोमला चिकटून त्याचं प्रोटीन बनवणं थांबवते, आपल्या रायबोसोमची ठेवण वेगळी असल्याने आपण वाचतो. डेंग्यू वापरतो आपलेच रायबोसोम, मग ती गोळी चिकटणार कशाला? पेनिसिलिनचंही तेच, ते बॅक्टेरियाची भिंत बांधू देत नाही आणि व्हायरसला तशी भिंतच नसते. व्हायरसवर औषधं नाहीतच असं नाही, नागिणीवर असायक्लोव्हिर आहे, पण ते त्या व्हायरसच्या स्वतःच्या एन्झाइमला धरून बनवलेलं, त्यामुळे डेंग्यूवर ते कुचकामी.

म्हणून लेप्टोची दाट शंका असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू करतात, उशीर झाला की किडनी जाऊ शकते. डेंग्यूत ताप आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि पाणी पीत राहणं, एवढंच. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन अजिबात नाही कारण रक्तस्राव वाढू शकतो. आणि घरचे इथेच फसतात: चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, सगळे हुश्श करतात, पण रक्तवाहिन्या पाझरायची खरी वेळ तीच असते. तेव्हा पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा हातपाय गार पडणं यातलं काहीही दिसलं तर थर्मामीटर नॉर्मल दाखवत असला तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं.