मधोमध छेडलेली तार: गिटार गप्प, तंबोरा बोलका

गिटारची पाचवी तार मोकळी छेडली की 110 हर्ट्झचा स्वर येतो. तिच्यावर बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे तारेच्या मध्यावर, बोट न दाबता नुसते टेकवले, तार छेडली आणि बोट लगेच उचलले, तर 220 हर्ट्झचा घंटेसारखा स्वच्छ स्वर उमटतो. सातव्या फ्रेटपाशी, म्हणजे लांबीच्या एक तृतीयांशावर, हेच केले तर 330 आणि पाचव्यापाशी, एक चतुर्थांशावर, 440 मिळतात. हे स्वर, म्हणजेच हार्मोनिक, बोटाने निर्माण केलेले नसतात. ते मोकळ्या तारेत आधीपासूनच असतात, बोट फक्त बाकीच्यांना थांबवते. इतकी साधी गोष्ट उलगडायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

1636 मध्ये फ्रान्समधल्या मारँ मेर्सेनने तारेची लांबी, ताण आणि जाडी यांचा वारंवारितेशी असलेला संबंध मांडला. त्याचा कान तीक्ष्ण होता. एकाच तारेतून मूळ स्वरासोबत वरचे निदान चार स्वर त्याला ऐकू येत होते. पण एकच तार एकाच वेळी वेगवेगळ्या वेगांनी कशी हलेल, हे कोडे त्याला सुटले नाही.

उत्तराची पहिली खूण कानाला नव्हे, डोळ्यांना दिसली. ऑक्सफर्डमधल्या विल्यम नोबल आणि थॉमस पिगॉट यांचे प्रयोग जॉन वॉलिसने 1677 मध्ये प्रसिद्ध केले. एक तार दुसरीपेक्षा सप्तकाने खाली लावायची, खालच्या तारेवर कागदाचे हलके तुकडे अडकवायचे आणि वरची छेडायची. खालची तार आपोआप थरथरू लागते, मात्र दोन अर्ध्या तुकड्यांत, आणि मध्यावरचा कागद जागचा हलत नाही. 1701 मध्ये जोझेफ सोव्हरने अशा स्थिर बिंदूंना ‘गाठी’ आणि सर्वाधिक हलणाऱ्या भागांना ‘पोटे’ अशा अर्थाची फ्रेंच नावे दिली. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते निस्पंद आणि प्रस्पंद झाले. ही सारी कंपने एकाच तारेत एकाच वेळी, एकमेकांवर चढून नांदतात, हे 1753 मध्ये डॅनियल बर्नुलीने ठामपणे मांडले. ऑयलरला ते पटले नव्हते आणि वाद बराच काळ चालला.

मला या इतिहासातला सर्वांत सुंदर टप्पा 1800 चा वाटतो. थॉमस यंगने दाखवले की तार जिथे छेडाल, तिथे ज्या हार्मोनिकचा निस्पंद असेल तो हार्मोनिक जागाच होत नाही. तारेला तिथून खेचले तरी त्या विशिष्ट कंपनाला धक्का बसत नाही.

हे पडताळायला गिटारची तीच तार पुरे. 65 सेंटिमीटर लांबीच्या तारेला बरोबर 32.5 वर छेडा. मध्यावर निस्पंद असलेले 220, 440, 660 हे सम हार्मोनिक उठतच नाहीत. उरतात 110, 330, 550 असे विषम. त्यांचा मध्यावर प्रस्पंद असतो. आता त्याच जागी बोट टेकवा. विषमही विझतात आणि तार जवळजवळ गप्प होते. पुसटसा 220 ऐकू आलाच तर छेडण्याची जागा थोडी सरकली आहे असे समजावे. काही मिलिमीटरचा फरकही कानाला कळतो.

1921 मध्ये कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी नेमका हा प्रयोग तंबोरा आणि वीणेवर केला. तार गप्प व्हायला हवी होती, पण ज्या हार्मोनिकचा निस्पंद त्या बिंदूवर होता तोच खणखणीत वाजत राहिला.

गुपित घोडीत, म्हणजे तार ज्या आधारावर टेकते त्यात आहे. यंगच्या नियमात तारेची दोन्ही टोके एकेका बिंदूवर पक्की धरलेली असतात. गिटारवर तार धारदार कडेवरून जाते, त्यामुळे हे जवळपास खरे ठरते. तंबोरा, वीणा आणि सतार यांची घोडी मात्र रुंद असते, तिचा माथा किंचित उतरता आणि गोलसर असतो. तार खाली येताना त्या माथ्यावर थोडी अधिक टेकते, वर जाताना सुटते. म्हणजे तारेची मोकळी लांबी प्रत्येक कंपनात बदलते, आणि त्या टेकण्या-सुटण्यातून एका कंपनाची ऊर्जा दुसऱ्यात जात राहते. छेडताना झोपून राहिलेला हार्मोनिक त्यामुळे मागाहून जागा होतो. तंबोऱ्यात तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेला दोरा ही टेकण्याची जागा नेमकी करतो.

यालाच आपण जवारी म्हणतो. सतार वाजून वाजून घोडीवर तारेच्या खाचा पडल्या की तारेचे टेकणे-सुटणे बिघडते. मग वरचे हार्मोनिक कमी होऊन आवाज बंद वाटू लागतो किंवा तार करकरते, आणि तो माथा पुन्हा घासून घ्यावा लागतो.