तीन तासांची कॅसेट ते चार मिनिटांचा हायलाइट

लग्नाचे चित्रीकरण करणारे स्टुडिओ आज बहुधा दोन गोष्टी हाती देतात. एक, ज्याला धंद्यात ‘ट्रॅडिशनल’ म्हणतात तो सर्व विधी क्रमाने दाखवणारा लांबलचक व्हिडिओ आणि दुसरा, तीन-चार मिनिटांचा हायलाइट. पहिला पाहुण्यांची हजेरी लावतो, दुसरा गोष्ट सांगतो. ही गोष्ट सांगण्याची रीत केवळ बदललेल्या आवडीतून आली असे मानले जाते. परंतु तिचा आकार बऱ्याच अंशी यंत्रांच्या अडचणींनी घडवला आहे.

1982 च्या आशियाई खेळांच्या सुमारास आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हीसीआर आले आणि त्याच दशकात खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा लग्नमंडपात शिरला. कॅमेरामनच्या मागे सनगन धरलेला एक मुलगा असे आणि तो झगझगीत दिवा तोंडावर पडला की पंगतीतला माणूस घास हातात धरून कॅमेऱ्याकडे बघत राही. कॅसेट असे ई-180, म्हणजे तीन तासांची, आणि ती भरून द्यायची ही ग्राहकाचीही अपेक्षा असे. संकलनाला तेव्हा ‘मिक्सिंग’ म्हणत. एका व्हीसीआरवर मूळ कॅसेट लावायची आणि दुसऱ्यावर हवा तेवढा भाग उतरवत न्यायचा. मधला एक प्रसंग लांबवायचा किंवा छाटायचा झाला, तर त्याच्या पुढचे सगळे पुन्हा उतरवावे लागे. नक्कलेची नक्कल केली, तर चित्र आणखी पुसट होई. त्यामुळे शहाणा मिक्सिंगवाला क्रमाला हात लावत नसे. त्याची सारी हौस बदामाच्या आकाराच्या चौकटीत आणि वरून चिकटवलेल्या चित्रपटगीतांत भागे. त्या गाण्यांखाली मंगलाष्टके मात्र कायमची बुजून गेली, आणि जुनी कॅसेट लावून आजोबांचा आवाज शोधणाऱ्यांना आज ते फार लागते.

मिनी-डीव्ही टेप आणि संगणकावरचे संकलन आले, तेव्हा ही अडचण संपायला हवी होती. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात एडियससारख्या सॉफ्टवेअरवर कोणताही तुकडा कुठेही नेता येऊ लागला. तरीही कॅसेटची सवय सुटली नाही. कॅमेरा तासन्‌तास चालूच राही आणि संकलक त्या अखंड चित्रणाला नवे इफेक्ट लावत बसे.

खरा फरक पडला तो फोटोसाठी बनवलेल्या कॅमेऱ्यामुळे. 2008 साली आलेल्या कॅनन 5डी मार्क-2 ने पूर्ण एचडी व्हिडिओ घेता येई आणि मोठ्या सेन्सरमुळे मागची गर्दी धूसर होऊन चेहरा वेगळा उठून दिसे. सनगनची गरज कमी झाली आणि माणसे कॅमेरा विसरू लागली. पण एका फाइलची मर्यादा 4 जीबी असल्यामुळे चित्रण सुमारे बारा मिनिटांत थांबे, हलत्या माणसावर फोकस हाताने ठेवावा लागे आणि आवाज तर अगदीच सुमार येई. अशा यंत्राने अखंड विधी टिपणे जिकिरीचे होते. म्हणून लोक पाच-दहा सेकंदांचे निवडक शॉट घेऊ लागले आणि आवाजाची उणीव एका गाण्याने झाकू लागले. गाणे साधारण चार मिनिटांचे असते. हायलाइटची लांबी मुळात तिथून आली असावी, असे मला वाटते.

या गाण्यावर बेतलेल्या फिल्मचा दोषही लवकरच दिसला. सुंदर शॉट एकामागून एक येतात, परंतु कोणताही शॉट उचलून कुठेही ठेवला तरी काही बिघडत नाही, याचाच अर्थ तिला आरंभ आणि शेवट नाही. तो आणला आवाजाने. खिशात मावणारे रेकॉर्डर आणि कॉलरचे माइक स्वस्त झाले आणि लग्नातले बोलणे स्वच्छ मिळू लागले. त्यातच चित्रपटगीत वापरलेली फिल्म यूट्यूबवर हक्कांच्या दाव्यात अडकू लागल्याने अनेकांनी परवान्याचे वाद्यसंगीत घेतले; त्यात शब्द नसल्यामुळे माणसांच्या बोलण्याला जागा मोकळी झाली.

अलीकडे माझ्याकडे आलेल्या एका लग्नाचे उदाहरण घेतो. दोन कॅमेऱ्यांचे मिळून 400 मिनिटांचे चित्रण होते, म्हणजे शंभरातले एक मिनिट ठेवायचे होते. पहिल्या फेरीत हललेले, फोकस सुटलेले आणि नुसते कॅमेऱ्याकडे बघून हसणारे शॉट काढल्यावर सुमारे 40 मिनिटे उरली. त्यानंतर चित्राला हात न लावता मी फक्त आवाज ऐकला. नवरदेवाच्या शेरवानीला लावलेला माइक पाठवणीच्या वेळी काढायचा राहून गेला होता, आणि त्यात मुलीच्या वडिलांचे वाक्य सापडले: “जावईबापू, पोचलात की फोन करा. कितीही वाजू देत, मी जागाच आहे.” दोन्ही कॅमेरे तेव्हा गाडीच्या सजावटीवर होते, वडिलांचा त्या क्षणाचा एकही शॉट नव्हता.

शेवट मिळाला की आरंभ शोधणे सोपे जाते. वडील जागे राहणार असतील, तर फिल्म त्यांच्या पहाटेने सुरू व्हावी. सकाळी कार्यालयाच्या पायरीवर एकटे उभे राहून घड्याळ पाहणारे वडील अकरा सेकंदांच्या एका शॉटमध्ये होते; पहिल्या फेरीत मी तो फेकून दिला होता. तो परत आणला आणि त्याच्यावर आतून येणारे, घाणा भरतानाचे गाणे चित्राच्या आधी सुरू केले. हा आरंभ पस्तीस सेकंदांचा झाला.

मधली सुमारे अडीच मिनिटे हळद, गौरीहार, मामाने वधूला आणणे आणि मंगलाष्टके यांची. येथे क्रम पाळावाच लागतो, कारण सप्तपदी अंतरपाटाच्या आधी दिसली, तर मराठी प्रेक्षक तत्काळ अडखळतो. अंतरपाट दूर होण्याचा क्षण जेमतेम दोन सेकंदांचा असतो आणि पुन्हा घेता येत नाही. एका कॅमेऱ्यासमोर फोटोग्राफरची पाठ आली होती, दुसऱ्यात वधूचा चेहरा होता. तो सेकंदाला 50 चौकटींनी घेतलेला असल्यामुळे 25 च्या टाइमलाइनवर धक्के न बसता दुप्पट संथ करता आला. तिथे संगीत तोडले आणि ‘सावधान’नंतरचा सभागृहाचा गलका तेवढा ठेवला.

पहिल्या कच्च्या संकलनात शेवटी स्वागतसमारंभातला नाच होता. गाणे बंद करून पाहिल्यावर लक्षात आले, की फिल्म तीन मिनिटांवरच संपली आहे आणि पुढे केवळ ठेका वाजतो आहे. नाच मधल्या भागात आठ सेकंदांपुरता नेला. शेवटच्या मिनिटात पाठवणी, निघालेली गाडी आणि मग रिकाम्या सभागृहात झाडूने गोळा होणाऱ्या अक्षता ठेवल्या. वडिलांचे वाक्य गाडीवर न टाकता त्या अक्षतांवर टाकले आणि “मी जागाच आहे” नंतर तीन सेकंद झाडूचा आवाज चालू दिला.

फिल्म पाहून वधूच्या आईने पहिला प्रश्न विचारला तो, धाकटे काका कुठेच कसे दिसत नाहीत, हा. ते ट्रॅडिशनल व्हिडिओत एक तास बाराव्या मिनिटाला आहेत, पंगतीत जिलबी वाढताना.