बारीक, सरळ केसांसाठी ब्लंट बॉब की लांब लेअर्स?

केस बारीक आणि सरळ असले, डोक्याला चिकटून बसत असले, की पार्लरमध्ये हमखास एक सल्ला मिळतो: "लेअर्स करून घ्या, व्हॉल्यूम येईल." दाट किंवा लहरी केसांना तो चांगला लागू पडतो. बारीक सरळ केसांवर मात्र पुष्कळदा उलटंच घडतं.

ब्लंट बॉबमध्ये सगळे केस खाली सरळ विंचरून, वर न उचलता, एका रेषेत कापतात. प्रत्येक केसाचं टोक त्याच रेषेवर येतं, त्यामुळे कड भरीव दिसते. लेअर्समध्ये केस डोक्यापासून उचलून धरून कापतात. जितके जास्त उचलाल तितके वरचे केस आखूड होतात, आणि जो केस वर आखूड झाला तो खालच्या कडेला पोचत नाही. म्हणजे लेअर्स कडेचे केस काढून वरच्या भागाला देतात. दाट केसांत कडेला भरपूर शिल्लक असतात. बारीक केसांत तेवढे नसतात, मग कड झिरझिरीत होते आणि वेणी घातली की उंदराची शेपटी दिसते.

मग वरचे आखूड, हलके झालेले केस उभे तरी राहतात का? फारसे नाही. बारीक केसांना मुळात वजन कमीच असतं. ते चपटे बसतात कारण प्रत्येक केस मऊ असतो, स्वतःचा आधार स्वतःला देऊ शकत नाही; शिवाय सरळ केसावरून टाळूचं तेल झरझर खाली पसरतं आणि केस एकमेकांना चिकटतात. लहरी केसात आखूड थर वळून फुलतो. सरळ केसात तो तसाच सपाट पडतो, वर पायऱ्या तेवढ्या दिसतात.

निर्णय घेण्याआधी घरी एक गोष्ट करून पाहा. धुतलेले, पूर्ण वाळलेले केस पुढे खांद्यावर घ्या, मागे पांढरा टॉवेल धरा आणि टॉवेल कुठून आरपार दिसायला लागतो ते बघा. माझ्या मैत्रिणीच्या मुलीचे केस पाठीच्या मध्यापर्यंत होते, पण टॉवेल काखेच्या रेषेपासूनच दिसत होता. खालची सगळी लांबी नावापुरतीच होती. शिवाय पोनी बांधली तर रबराजवळ घेर जेमतेम 5 सेंटीमीटर. म्हणजे तिचा केस नुसता बारीक नव्हता, संख्येनेही विरळ होता. अशा केसांना लेअर्स देऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तिने हनुवटीच्या दोन बोटं खाली ब्लंट बॉब केला आणि तेच केस दुप्पट वाटायला लागले.

लांबी ठरवताना खांदा टाळा. बॉबची कड नेमकी खांद्यावर टेकली की टोकं बाहेर वळतात आणि सरळ केसात ते लगेच डोळ्यात भरतं. एक तर मानेच्या मध्यापर्यंत ठेवा, नाही तर कॉलरबोनच्या खाली. मानेवर भोवरा असेल तर फार आखूड बॉब तिथे एका बाजूला उचलला जातो. तेव्हा जरा लांबच बरा.

बॉबची किंमतही लक्षात घ्या. सरळ केसात रेषेची इवलीशी चूकसुद्धा दिसते, आणि केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढत असल्याने दर सहा-आठ आठवड्यांनी ट्रिम लागतो. अंबाडा, गजरा, वेणी विसरायची. पावसाळ्यात लोकलच्या गर्दीत मानेवरून उचलून बांधताही येत नाही. पुन्हा हनुवटीपासून कॉलरबोनपर्यंत वाढवायला बहुधा वर्षभर जातं.

केस बारीक पण संख्येने भरपूर असतील, टॉवेल अगदी शेवटच्या बोटभरातच दिसत असेल आणि लांबी हवीच असेल, तर लांब लेअर्स शोभतात. पण पार्लरमध्ये नुसतं "लेअर्स" म्हणू नका, कारण कानापासून सुरू होणारा स्टेप कट हातात पडू शकतो. सांगायचं ते असं: आधी खालची कड एका रेषेत कापा, सर्वात आखूड थर कॉलरबोनच्या वर नको, चेहऱ्याजवळच्या बटा तेवढ्या हनुवटीपासून उतरत्या. थिनिंग कात्री आणि रेझर दोन्ही नकोत. थिनिंग कात्री मधूनमधून केस तोडते. ते आखूड केस बारीक केसांत लपत नाहीत, विस्कटलेले दिसतात, आणि कड आणखी विरळ होते.

मन ठरत नसेल तर आधी टॉवेल दिसतो तिथपर्यंतच ब्लंट कापून घ्या आणि दोन महिने वापरून बघा. त्या कडेतून लेअर्स नंतर कधीही काढता येतात. एकदा काढलेल्या लेअर्स मात्र वाढून कडेला येईपर्यंत थांबावंच लागतं.