पंचनाम्याची भाषा: कच्च्या टिपणातून पक्का कागद होताना

‘पंचनामा’ हा शब्द 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नाही, तिच्या जागी आलेल्या 2023 च्या नागरिक सुरक्षा संहितेतही नाही. कायद्यात आहे ती झडतीत मिळालेल्या वस्तूंची ‘यादी’. ती झडती घेणाऱ्याने करायची आणि हजर राहिलेल्या साक्षीदारांनी तिच्यावर सह्या करायच्या. महाराष्ट्रात मात्र या यादीला जुने नाव चिकटले आणि नावाबरोबर जुनी अपेक्षाही आली. पेशवाईपूर्वीपासून वतनाच्या वा हद्दीच्या तंट्यात गोताच्या सभेचा महजर होत असे. ज्याला लिहिता येत नसे तो नांगरासारखी निशाणी करी. तो कागद निर्णयाचा असे, सभेला काय ठरले ते सांगणारा. आजच्या पंचांना काहीच ठरवायचे नसते. त्यांनी फक्त पाहायचे आणि ऐकायचे. हा फरक लिहिणाऱ्याच्या हातून निसटला की पंचनाम्यात निष्कर्ष शिरतात.

घटनास्थळावर जे लिहिले जाते ते सहसा असे असते: ‘दार – 7 फूट – डावीकडे गुन्ह्यात वापरलेला कोयता, रक्ताने भरलेला. भिंतीवर पण रक्त. साखळी सोन्याची तुटलेली.’ पक्क्या कागदात हे जसेच्या तसे गेले तर तीन ठिकाणी घोटाळा होतो. डावीकडे म्हणजे कोणाच्या डावीकडे? म्हणून ‘पूर्वेकडील दारातून आत शिरताना डाव्या हातास, चौकटीपासून 7 फुटांवर’ असे लिहावे लागते आणि दुसरे माप एखाद्या न हलणाऱ्या वस्तूपासून, म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यापासून वा खांबापासून, द्यावे लागते. एकाच मापाने वस्तूची जागा ठरत नाही. 7 फूट पावलांनी मोजले असतील तर ‘अंदाजे’ हा शब्द राहिलाच पाहिजे. टंकताना त्याचे 2.13 मीटर करणारे लिपिक आहेत. जागेवर टेप नव्हता आणि कागदावर सेंटिमीटर आले, एवढे उलटतपासणीला पुरते.

दुसरा घोटाळा ‘रक्त’ या शब्दाचा. ते रक्त आहे हे प्रयोगशाळेने सांगायचे असते. पंचांना दिसतो तो रक्तासारखा लालसर डाग. तसेच ‘सोन्याची साखळी’ नव्हे, ‘पिवळ्या धातूची, सोन्यासारखी दिसणारी, कडी तुटलेली साखळी’. बाहेरच्या वाचकाला हे पोलिसी आडवळण वाटते, पण ते नेमके आहे. साखळी पुढे बेन्टेक्सची निघाली तरी पंचनामा खोटा ठरत नाही. तिसरी चूक सर्वांत सराईत: ‘गुन्ह्यात वापरलेला कोयता’. तो वापरला गेला की नाही, हाच तर खटल्याचा प्रश्न. पाते किती, मूठ कशाची, धार कोणत्या बाजूला, डाग कुठे, एवढे लिहून थांबायचे.

वेळेची गोष्ट छोटी, पण पंचनामा नंतर बसून लिहिला हे तिच्यातूनच कळते. सुरू केल्याची वेळ 14.10, संपल्याची 15.20, गुन्हा नोंदला गेला 16.05 वाजता, आणि पंचनाम्याच्या डोक्यावर मात्र गुन्ह्याचा क्रमांक, त्याच शाईत, त्याच ओघात. क्रमांक नंतर घातला असेल तर तसे लिहून शेजारी सही करावी, नाहीतर जागा कोरी ठेवावी.

आतापर्यंतचे सगळे शब्द तटस्थ करण्याबद्दल झाले. खरा वाद आहे तो तटस्थ भाषा जिथे नुकसान करते तिथला: निवेदन पंचनामा, ज्याला पोलीस ठाण्यात ‘मेमोरँडम’ म्हणतात. कोठडीतला आरोपी पोलिसांना जे सांगतो ते पुरावा म्हणून चालत नाही. अपवाद एवढाच, की त्या सांगण्यातून एखादी वस्तू वा गोष्ट उघडकीस आली तर सांगण्याचा तेवढा भाग चालतो. 1872 च्या पुरावा कायद्याचे कलम 27 ते हेच. आता ते 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 च्या परंतुकात आहे. 1946 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने त्याची मर्यादा आखून दिली. ‘माझ्या घराच्या छपरात लपवलेला सुरा काढून देतो’ हे चालेल, ‘ज्याने मी त्याला भोसकले’ हे चालणार नाही.

या निकालाचा व्यवहारात विचित्र अर्थ काढला गेला. चालणारे तेवढेच लिहायचे तर मग आटोपशीर लिहू, म्हणून एक ठरीव वाक्य रूढ झाले: ‘आरोपीने गुन्ह्यातील हत्यार काढून देण्याची तयारी दर्शविली.’ दिसायला निर्दोष, सरकारी, कोणाला न दुखवणारे. पण त्यात वस्तू कुठे आहे ते नाही, ती कोणी ठेवली ते नाही, आरोपीला कसे माहीत ते नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी हा कागद करायचा तीच गाळली. उलट आरोपीचे बोलणे असे असू शकते: ‘कोयता मी गोठ्यात गव्हाणीच्या मागं कडब्यात खुपसून ठिवलाय, चला दावतो.’ यातले ‘मी’ आणि ‘ठिवलाय’ हे दोन शब्द सगळा भार वाहतात. ‘सदर इसमाने हत्यार लपविल्याचे सांगितले’ असे शुद्धीकरण केले की कोणी लपवले हे पुन्हा संदिग्ध होते. 2022 मध्ये सर्वोच्च पातळीवर दोन खून खटल्यांत अशा मोघम लिखाणावर कडक बोट ठेवले गेले. पंचांना आधी ठाण्यात बोलवा, त्यांच्यासमोर आरोपीचे नेमके शब्द पंचनाम्याच्या पहिल्या भागात लिहा, मग त्याच पंचांना घेऊन जागेवर जा, अशी वाट तिथे सांगितली आहे.

कबुलीचा भागही लिहायचा की नाही, यावर अजून दोन मते आहेत. गाळणारे म्हणतात, न चालणारे कागदावर कशाला? पण कात्री न्यायालयाच्या हाती राहिलेली बरी. लिहिणाऱ्याने छाटले की उरलेलेही त्याचेच रचलेले वाटते. अहिराणी असो वा हिंदी, बोलले तसे देवनागरीत उतरवावे आणि गरज पडल्यास खाली प्रमाण मराठीत अर्थ द्यावा. त्या शब्दांभोवतीची बाकी भाषा तटस्थच हवी.

1 जुलै 2024 पासून या सगळ्याच्या शेजारी चित्रीकरण येऊन बसले. नव्या संहितेच्या कलम 105 नुसार झडती, जप्ती, यादी करणे आणि साक्षीदारांच्या सह्या हे सगळे दृक्‌श्राव्य माध्यमात, शक्यतो मोबाइलवर, टिपायचे आणि विलंब न लावता दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात आणताना जोडायच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये जरा बदल झाला तरी बदलणारा सांकेतिक ठसा, तोही लागतो, त्यामुळे नंतर केलेली काटछाट लपत नाही. अडचण कागदाची झाली आहे. चित्रफितीत आरोपी म्हणतो ‘कडब्यात’ आणि टंकलेल्या पंचनाम्यात येते ‘गवताच्या ढिगाऱ्यात’, कारण मसुदा जुन्या पंचनाम्यावरून उचललेला. फितीत पाकिटावर लाख लागताना दिसत नाही, कागदावर ‘पंचांसमक्ष मोहोरबंद केले’ असते. अशा वेळी फीत पाहून कागद गुपचूप जुळवून घेण्याचा मोह होतो. सह्या झालेल्या कागदाला हात लावता येत नाही. फरक लक्षात आला तर तो केस डायरीत त्या दिवशीच्या तारखेने नोंदवायचा आणि मूळ हस्तलिखित टिपण, कितीही खाडाखोडीचे असले तरी, टंकलेल्या प्रतीसोबत कागदपत्रांत ठेवायचे.