पिळाची सळई ते टीएमटी: ताकद थंडीतून की उष्णतेतून?

साताऱ्यात किंवा सांगलीत 1980 च्या आसपासचा स्लॅब फोडला की बहुतेक वेळा आतून पीळ घातलेली सळई निघते. तिच्या अंगावरच्या दोन लांब कडा मळसूत्रासारख्या फिरत गेलेल्या असतात. ही टॉर सळई. आज दुकानात मिळणाऱ्या टीएमटीच्या त्याच कडा सरळ धावतात. दोन्हींवर 415 चा, म्हणजे चौ. मिमीला 415 न्यूटन ताकदीचा, शिक्का असला तरी ती ताकद आली कुठून, यात मोठा फरक आहे.

दोन्हींची सुरुवात मात्र एकच, गरम रोलिंग. खाचा पाडलेल्या रोलमधून लोखंड काढण्याचे पेटंट हेन्री कॉर्टने इंग्लंडमध्ये 1783 मध्ये घेतले आणि मिलचा गाभा अजून तोच आहे. 100 मिमी चौकोनी बिलेट, म्हणजे पोलादाचा लांब ठोकळा, सुमारे 1150 अंशांना तापवून त्याची 12 मिमी सळई करायची, तर छेदाचे क्षेत्रफळ 10,000 वरून 113 चौ. मिमीवर येते, म्हणजे जवळपास 88 पट घटते. एका पासात, म्हणजे रोलमधून एकदा जाताना, सरासरी 25 टक्के घट धरली तर 16 पास लागतात. एका पासात जास्त दाबायला गेले तर रोल बिलेटला पकडत नाहीत, किंवा माल खाचेबाहेर पसरून त्याला पंख फुटतात आणि पुढच्या पासात ते घडी होऊन दबले जातात. अशा ठिकाणी सळई वाकवताना लांबट चीर दिसते.

क्षेत्रफळ 88 पट घटले की लांबी आणि वेगही तितकाच वाढतो. सेकंदाला 10 सेंमीने आत गेलेला माल शेवटच्या स्टँडमधून, म्हणजे रोलच्या शेवटच्या जोडीतून, सुमारे 9 मीटरने सुटतो. त्यामुळे आकार बदलण्याचा वेगही पासागणिक चढतो आणि त्याचा परिणाम तापमानावर अवलंबून असतो. गरम पोलादात हा वेग शंभर पट झाला तर विरोध साधारण दुप्पट होतो. थंड पोलादात जेमतेम पाच टक्क्यांनी वाढतो. कारण गरम असताना पोलादाच्या आतल्या, दबलेल्या स्फटिक-कणांच्या जागी नवे कण उगवायला वेळ मिळतो की नाही, यावर सारे ठरते. वेग वाढवणे म्हणजे एका अर्थी तापमान उतरवणेच. झेनर आणि हॉलोमन यांनी 1944 मध्ये हे दोन्ही एकाच राशीत बांधले:

Z = ε̇ · exp(Q/RT)

इथे ε̇ म्हणजे आकार बदलण्याचा वेग, T म्हणजे केल्विनमधले तापमान, Q आणि R हे स्थिरांक. Z जितका मोठा, तितके नव्याने उगवणारे कण बारीक. भट्टीतून माल थंडच निघाला तर मोटारचा भार चढतो, प्रसंगी रोल तुटतो.

गरम आणि थंड यांची सीमा हाताला चटका बसण्यावर ठरत नाही. धातूच्या वितळणबिंदूच्या, केल्विनमध्ये मोजलेल्या, साधारण 0.4 पटीला नवे कण उगवू लागतात. लोखंडासाठी ते 450 अंश सेल्सिअसच्या आसपास येते. शिसे मात्र खोलीच्या तापमानालाच 'गरम' असते.

टॉर सळई या सीमेखाली घडली. साधी, 250 न्यूटन प्रति चौ. मिमी ताकदीची सळई थंड असतानाच पिळायची. कण ताणले जातात, पुन्हा उगवत नाहीत आणि ताकद 415 वर जाते. सिमेंट-लोखंड जपून वापरण्याच्या त्या काळात हा उपाय योग्यच होता. पण किंमत लवचिकतेतून वसूल होते: साध्या सळईचे किमान 23 टक्के ताणणे 14.5 वर येते. शिवाय पीळ बाहेरच्या थराला सर्वाधिक बसतो, मध्याला जवळपास नाही. ताणलेला तो बाहेरचा थर गंजही लवकर धरतो. पाटण तालुक्याने 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप पाहिला आहे. अशा भागात सळईने तुटण्याआधी भरपूर ताणले जाणे हे ताकदीइतकेच मोलाचे आहे.

टीएमटीने वाट बदलली. 1970 च्या दशकात बेल्जियममधील लिएज येथे ही पद्धत पुढे आली. शेवटच्या स्टँडमधून सुमारे 1000 अंशांवर निघालेली सळई लगेच जोरदार पाण्याच्या पेटीतून जाते. बाहेरचा थर कडक होतो, आतली उष्णता बाहेर येऊन त्याच थराला 600 अंशांच्या आसपास पुन्हा शेकते, गाभा मऊ राहतो. सळई आडवी कापून, घासून, सौम्य नायट्रिक आम्ल-अल्कोहोल लावले की काळी रिंग दिसते. रिंग एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ असेल तर पाण्याचा एखादा नोझल तुंबला होता असे समजावे. रिंगच नसेल, तर तो माल टीएमटी नव्हे.

जुन्या घरावर मजला चढवताना हा फरक अंगाशी येतो. टॉर सळईला वेल्डिंग केले की जोडाशेजारी तापमान सीमेपलीकडे जाते, नवे कण उगवतात आणि पिळाने मिळवलेली ताकद तेवढ्या भागात 250 कडे उतरते. बाहेरून काहीच दिसत नाही. टीएमटीचीही रिंग जास्त तापली तर मऊ पडते, पण टॉरच्या मानाने नुकसान कमी. म्हणून फिरत्या कडा दिसल्या की वेल्डिंग टाळून पुरेसा ओव्हरलॅप द्यावा किंवा दोन सळया टोकाला जोडणारा कपलर वापरावा, आणि एकदा वाकवलेली सळई पुन्हा सरळ करू नये.