चित्रालेख की सचित्र आलेख : एका जुन्या गल्लतीची पार्श्वभूमी

साध्या स्तंभालेखाला चित्रमय, आपुलकीचे रूप देण्याचे काम आज कोणत्याही माहितीपत्रकाच्या आखणीत येतेच. त्यात आकडे नेमके कोठे बिघडतात, हे समजण्यासाठी आधी दोन शब्द वेगळे करावे लागतात. प्राथमिक शाळेच्या गणितात आपण शिकलो तो चित्रालेख. त्यात ‘प्रमाण : १ चित्र = ५ मुले’ असे लिहिलेले असते आणि चित्रे मोजली की संख्या मिळते. सचित्र आलेख ही वेगळी गोष्ट आहे. तेथे संख्या स्तंभाच्या उंचीत किंवा रेषेच्या लांबीत असते आणि चित्र सोबतीला असते. गोंधळ तिसऱ्या प्रकाराने होतो. त्यात स्तंभ काढून टाकून त्याच्या जागी एकच चित्र लहानमोठे करून ठेवले जाते. हा प्रकार दिसतो चित्रालेखासारखा, पण त्यात मोजण्यासारखे काही नसते. आणि मूळ स्तंभाची उंची कायम ठेवली तरी चित्राची रुंदीही सोबत वाढत असल्याने उंचीचा अर्थ उरत नाही.

स्तंभालेख १७८६ मध्ये इंग्लंडमध्ये छापला गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांख्यिकीच्या लोकप्रिय पुस्तकांत लहानमोठ्या आकृत्यांची पद्धत रुळली. तिच्यावरचा आक्षेपही बराच जुना आहे. १९१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या आलेखशास्त्राच्या एका पुस्तकाने मोठ्या माणसाशेजारी छोटा माणूस काढण्याच्या पद्धतीला दोष दिला आणि सारख्या मापाच्या आकृत्यांच्या रांगा सुचवल्या. व्हिएन्नामध्ये १९२५ साली सुरू झालेल्या एका सामाजिक संग्रहालयाने हाच नियम शिस्तीने पाळला : संख्या वाढली तर चित्रे वाढतील, चित्राचा आकार वाढणार नाही. तेथे आकडेवारी समजून तिची मांडणी ठरवणारी व्यक्ती आणि चित्रकार यांची कामे वेगळी होती. चित्रकाराने काय काढायचे आणि किती वेळा काढायचे, हे आधी ठरलेले असे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच कामाची वाटणी आहे, आणि पुढे संगणक आल्यावर नेमकी तीच हरवली.

वाद नेमका कशाचा आहे, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. एका तालुक्यात मार्चमध्ये १२, एप्रिलमध्ये २४ आणि मेमध्ये ३० टँकर लागले असे समजा. आराखडाकाराने स्तंभांच्या जागी टँकरचे चित्र घेतले आणि उंची २, ४ व ५ सेंटिमीटर ठेवली. आकडे उंचीशी जुळतात, म्हणून त्याला काम चोख वाटते. पण चित्र ताणून विद्रूप करायचे नाही म्हणून रुंदीही त्याच पटीत वाढली आहे, त्यामुळे कागदावर व्यापलेली जागा १, ४ आणि ६.२५ या प्रमाणात आली. अडीचपट वाढ सव्वासहापट दिसू लागली.

यावर एक गट म्हणतो की क्षेत्रफळ प्रमाणात ठेवा, म्हणजे मे महिन्याचा टँकर ५ ऐवजी सुमारे ३.१६ सेंटिमीटर उंच काढा. गणिताने हे बरोबर आहे. मात्र मनोभौतिकीच्या प्रयोगांतून दिसते की माणूस क्षेत्रफळातील फरक कमी लेखतो; सर्वसाधारणपणे प्रत्यक्ष पटीचा ०.७ वा घात त्याला जाणवतो. म्हणजे अडीचपट क्षेत्रफळ त्याला जेमतेम १.९ पट वाटेल. नकाशाशास्त्रातील काहींनी म्हणून वर्तुळे मुद्दाम थोडी जास्त मोठी काढण्याचे सूत्र वापरले, तर इतरांनी ही दुरुस्ती म्हणजे एक चूक दुसरीने झाकणे आहे असे म्हणून ती नाकारली, कारण जाणीव माणसागणिक आणि आकृतीगणिक बदलते. हा वाद मिटलेला नाही. १९८४ च्या एका अमेरिकी प्रयोगाने त्याला बगल देणारा मार्ग मात्र पक्का केला : समान पायारेषेवरचे स्थान आणि लांबी वाचताना माणूस क्षेत्रफळ वाचतानापेक्षा कमी चुकतो. त्यामुळे संख्या लांबीतच ठेवावी, असे मी मानतो.

टँकरच्या उदाहरणात हे सहज जमते. एक चित्र म्हणजे ६ टँकर धरले की रांगांत २, ४ आणि ५ चित्रे येतात. एक चित्र ४ टँकरचे धरले असते, तर मे महिन्यात साडेसात चित्रे आली असती आणि टँकर मध्येच कापावा लागला असता. पुढे केबिन आणि मागे टाकी असलेल्या चित्राचा अर्धा तुकडा अर्धा दिसत नाही. वर्तुळाकार चित्राचेही तसेच आहे : रुंदीचा पाव भाग ठेवला तर क्षेत्रफळ पाव नव्हे, एक पंचमांशाहूनही किंचित कमी उरते. म्हणून प्रमाण ठरवताना आकडे निःशेष कसे भागले जातील ते आधी पाहावे, चित्राची निवड नंतर करावी. आकडा ३१ असेल तर मात्र शेवटचे चित्र न तासता रांगेच्या टोकाला संख्या छापावी आणि चित्रे जवळच्या पूर्णांकात आहेत असे खाली लिहावे.

१९७८ मध्ये एका मोठ्या अमेरिकी वृत्तपत्राने मोटारींच्या इंधन-मानकांचा आलेख दूर जाणाऱ्या रस्त्याच्या रूपात छापला. मानक गॅलनमागे १८ मैलांवरून २७.५ मैलांवर जाणार होते, म्हणजे वाढ ५३ टक्के होती. रस्त्यावरच्या रेषांची लांबी मात्र ०.६ इंचावरून ५.३ इंचांवर गेली, म्हणजे ७८३ टक्के. १९८३ च्या एका पुस्तकाने चित्रातील वाढीला आकड्यांतील वाढीने भागून १४.८ ही विकृती काढली. वरच्या चुकीच्या टँकरला हेच माप लावले तर ५२५ भागिले १५०, म्हणजे ३.५ येते. कोणत्याही चित्रमय आवृत्तीची पट्टीने मोजून अशी तपासणी दोन मिनिटांत करता येते, आणि उत्तर १ च्या आसपास नसेल तर ती मागे घ्यावी.

त्याच पुस्तकाने सजावटीलाच कचरा ठरवले, आणि पुढची पंचवीसेक वर्षे अनेकांनी ते मत नियमासारखे मानले. २०१० मध्ये कॅनडातील एका विद्यापीठात २० जणांवर झालेल्या प्रयोगात सजवलेले आलेख साध्या आलेखांइतकेच अचूक वाचले गेले आणि दोन-तीन आठवड्यांनंतर अधिक आठवले. नमुना लहान आहे, हा आक्षेप रास्त आहे. २०१५ च्या एका अभ्यासाने फरक अधिक नेमका दाखवला : स्वतः संख्या वाहणारी चित्रे वाचनात अडथळा आणत नाहीत, मागे नुसती ठेवलेली चित्रे आणतात.

मराठी मजकुरात बिघाड चित्रांपेक्षा अक्षरांत अधिक होतो. हस्ताक्षराच्या वळणाचा फाँट लहान आकारात वापरला की १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. अक्षरांतले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. आणि दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची मांडणी चालू नसेल, तर काही प्रोग्रॅममध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते. युनिकोडपूर्व फाँटमधली जुनी फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडल्यावर लेबले निरर्थक होण्याचा अनुभव डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाला आहे, आणि त्या भीतीनेच अक्षरांचे रेखाकृतीत रूपांतर करण्याची सवय पडली. त्यानंतर एखादा आकडा चुकला तर तो टंकून बदलता येत नाही, नव्याने बसवावा लागतो, आणि तेथेच नवी चूक शिरते. म्हणून आता काहीजण मूळ साधा आलेख सर्वांत खालच्या स्तरावर कुलूपबंद ठेवतात, चित्रे वरच्या स्तरावर बसवतात आणि छपाईला देण्यापूर्वी वरचा स्तर अर्धपारदर्शक करून प्रत्येक रांगेचे टोक खालच्या स्तंभाच्या टोकाशी जुळते का ते पाहतात. अक्षरांच्या रेखाकृती फक्त छापखान्याच्या प्रतीत होतात.